फ्लूचं औषध ‘चालत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ओसेल्टामिविर सुरू होऊन दोन दिवस झाले, ताप अजून १०१, की नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, व्हायरस रेझिस्टंट तर नाही ना झाला?’ बहुतेक वेळा तसं नसतं. हे औषध व्हायरसला मारत नाही. पेशीतून बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या कणांची सुटका ते अडवतं, म्हणून पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोग. तेव्हाही एरवी धडधाकट असलेल्या माणसाचा आजार सरासरी एखाद्या दिवसानेच आटोपतो. ताप उतरून पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर आधी बॅक्टेरियल न्यूमोनिया शोधा.

खरा संशय घ्यायचा तो दोन ठिकाणी. एक, केमोथेरपी किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला पेशंट, ज्याच्या नमुन्यात औषधाचा कोर्स होऊनही व्हायरस भरपूर सापडतोय. दुसरं, प्रतिबंधक डोस चालू असतानाच आजारी पडलेला माणूस. इथे एक चूक हमखास होते: प्रौढांचा प्रतिबंधक डोस ७५ मिग्रॅ दिवसातून एकदा असतो, आणि लक्षणं दिसल्यावरही तोच पुढे रेटला जातो. उपचाराचा डोस दिवसातून दोनदा, पाच दिवस. अर्ध्या डोसात व्हायरस वाढत राहतो आणि त्यातल्या रेझिस्टंट कणांना पुढे सरकायला वाव मिळतो.

म्हणजे रेझिस्टन्स औषधाच्या गैरवापरानेच येतो का? २००८च्या जानेवारीत नॉर्वेने या समजाला धक्का दिला. तिथे ओसेल्टामिविर फारसं वापरलंच जात नव्हतं, तरी त्या हंगामात तपासलेल्या, फ्लूच्या एच१एन१ या उपप्रकाराच्या व्हायरसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रेझिस्टंट निघाले. ओसेल्टामिविर व्हायरसच्या ज्या प्रथिनाला अडवतं, त्या न्यूरामिनिडेजमध्ये २७५व्या जागी हिस्टिडीनऐवजी टायरोसिन आलं होतं. या बदलाला एच२७५वाय म्हणतात. (जुन्या लेखांत हाच बदल एच२७४वाय म्हणून दिसेल, क्रमांक मोजायची पद्धत वेगळी.) एरवी या बदलाने व्हायरस लंगडा पडतो, पण या वेळी सोबतच्या दुसऱ्या बदलांनी ती उणीव भरून काढली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगातले जवळजवळ सगळे हंगामी एच१एन१ व्हायरस तसेच झाले.

मग डॉक्टरांनी काय द्यायचं? त्या हिवाळ्यात एच३एन२वर ओसेल्टामिविर चालत होतं, पण ॲमॅन्टाडीनच्या गटातली जुनी औषधं चालत नव्हती. एच१एन१चं नेमकं उलटं. म्हणून डिसेंबर २००८मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सल्ला दिला, की एच१एन१ची शक्यता असेल तर झानामिविर हे दुसरं औषध द्या, नाहीतर ओसेल्टामिविरबरोबर त्या जुन्या गटातलं रिमॅन्टाडीन जोडा. आपल्या भागात कोणता उपप्रकार फिरतोय, यावर चिठ्ठी ठरत होती. काही महिन्यांतच स्वाइन फ्लूचा एच१एन१ आला आणि चित्र पुन्हा फिरलं: नाव तेच, पण यावर ओसेल्टामिविर चालत होतं आणि ॲमॅन्टाडीन नाही. मागच्या हंगामाचा सल्ला या हंगामात जसाच्या तसा वापरू नये, ते यासाठी.

नेहमीचा पीसीआर रिपोर्ट फक्त व्हायरस आहे की नाही आणि कोणता, एवढंच सांगतो. औषध चालतं का, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या, डब्ल्यूएचओच्या जाळ्यातल्या प्रयोगशाळा दोन वाटांनी पाहतात. एका वाटेने जनुकाचा क्रम वाचून ओळखीचे बदल शोधायचे. दुसऱ्या वाटेने न्यूरामिनिडेजचं काम निम्म्यावर आणायला किती औषध लागतं ते मोजायचं. या आकड्याला आयसी-५० म्हणतात.

समजा, नेहमीच्या व्हायरसला ०.५ नॅनोमोलर लागतं आणि तुमच्या नमुन्याला ८. ही १६ पट वाढ झाली. इन्फ्लुएन्झा ए साठी १० ते १०० पट म्हणजे ‘कमी प्रतिसाद’, १०० पटींच्या वर ‘अतिशय कमी प्रतिसाद’. १६ पट पाहून औषध बंद करणं घाईचं ठरेल, कारण हे बशीतलं मोजमाप आहे. पेशंटमध्ये औषध किती कमी पडेल ते त्यावरून थेट काढता येत नाही. एच२७५वाय असेल तर आकडा शेकडो पटींत जातो, तिथे शंका उरत नाही.

पण तेव्हाही सगळे दरवाजे बंद होत नाहीत. एच२७५वायने शिरेतून द्यायचं पेरामिविरही निकामी होतं, म्हणून ‘गोळी चालत नाही तर शिरेतून देऊ’ हा बदल फसतो. झानामिविर मात्र चालतं. ते ओढून घ्यायची पावडर असते, त्यामुळे दमेकऱ्यांना जपून. आणि ती पावडर पाण्यात कालवून नेब्युलायझर किंवा व्हेंटिलेटरमधून कधीही देऊ नये, तिच्यातलं लॅक्टोज यंत्राची नळी तुंबवतं. बॅलोक्साविर हे फ्लूचं आणखी एक औषध व्हायरसच्या वेगळ्याच प्रथिनावर काम करतं. त्याचा रेझिस्टन्स पीए जनुकात, बहुतेकदा ३८व्या जागी, शोधावा लागतो. न्यूरामिनिडेजचा रिपोर्ट त्याबद्दल काहीच सांगत नाही.

राहिला नमुना. स्वॅब व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, २ ते ८ अंशांवर, लवकरात लवकर पाठवा. आणि फॉर्मवर औषध कोणत्या तारखेला सुरू झालं ते लिहा. ती तारीख नसेल, तर रेझिस्टंट व्हायरस पेशंटला बाहेरून लागला की उपचार चालू असताना त्याच्यातच तयार झाला, हे प्रयोगशाळेला ठरवता येत नाही. पहिला असेल तर तो समाजात फिरतोय असं समजून आणखी नमुने मागवावे लागतात.