मुलाखतीला जाण्याआधी कंपनीचा पीएफ भरणा कसा तपासावा

नोकरीच्या साइटवर अर्ज टाकला, एचआरचा फोन आला, शनिवारी नागपूरच्या परसोडीच्या आयटी पार्कमध्ये मुलाखत ठरली. कंपनीची वेबसाइट चकाचक आहे, गूगलवर ४.३ तारे आहेत. पण तिथे पगार वेळेवर होतो का, माणसं टिकतात का, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही. ते कळण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे पीएफचा भरणा. तो सरकारी साइटवर कुणालाही फुकट पाहता येतो आणि तरीही फार थोडे उमेदवार तो पाहतात.

आधी खरं नाव शोधा

दारावरच्या पाटीवरचं नाव आणि कायदेशीर नाव बरेचदा वेगळं असतं. वेबसाइटच्या अगदी तळाशी, प्रायव्हसी पॉलिसीत किंवा एचआरच्या मेलच्या शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘एलएलपी’ जोडलेलं पूर्ण नाव सापडतं. नाही सापडलं तर एचआरला सरळ विचारा, “ऑफर लेटर कोणत्या कंपनीच्या नावाने येईल?” या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथेच सावध व्हा. उत्तरात तिसऱ्याच एजन्सीचं नाव आलं, तर तुमचा पगार ती एजन्सी देणार आहे. मग तपासणीही तिचीच करायची.

नाव हाती आलं की `mca.gov.in` या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर मास्टर डेटा बघा. इथे दोनच गोष्टी पुरे. स्टेटस `Active` हवं. `Strike Off` किंवा `Under Liquidation` दिसलं तर पुढचे कष्ट वाचले. दुसरी म्हणजे शेवटच्या ताळेबंदाची तारीख. कंपनीची वार्षिक सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि त्यानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करायचे असतात. ताळेबंद दोन वर्षं मागे असेल तर हिशेब का अडले, हा प्रश्न उरतोच. मालकी हक्काची किंवा भागीदारीतली साधी पेढी या यादीत नसते, म्हणून नाव दिसलं नाही की लगेच फसवणूक समजू नका. अशा पेढीचा जीएसटी नंबर मिळाला तर `gst.gov.in` वर ती विवरणपत्रं वेळेवर भरते का, हे दिसतं.

आता पीएफ

ब्राउझरमध्ये `EPFO Establishment Search` शोधा आणि ईपीएफओच्याच पानावर जा. नाव आणि कॅप्चा टाका. यादीतून पत्ता जुळणारी नोंद निवडा, तपशील उघडा आणि `View Payment Details` वर क्लिक करा. महिन्यागणिक एक ओळ दिसेल : कोणत्या महिन्याच्या पगाराचा पीएफ, पैसे कधी जमा झाले, रक्कम किती, कर्मचारी किती. एका नावाच्या दोन-तीन नोंदी निघाल्या तर सगळ्या उघडा. मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असेल तर नागपूरच्या लोकांचा पीएफ बहुधा तिकडच्याच नोंदीवर जातो.

समजा, एका कंपनीच्या ओळी अशा आहेत. एप्रिलच्या पगाराचा पीएफ १४ मेला जमा, कर्मचारी ६४, रक्कम २,४०,०००. जुलैचा १४ ऑगस्टला, कर्मचारी ६१. ऑक्टोबरचा मात्र थेट ९ डिसेंबरला, कर्मचारी ४७. नोव्हेंबरचा १२ जानेवारीला, कर्मचारी ४१.

आधी तारखा बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ऑक्टोबरचा भरणा २४ दिवस उशिरा आणि नोव्हेंबरचा २८ दिवस उशिरा आहे. उशिराला वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, वर दंड लागतो. एवढं नुकसान कुणी हौसेने सोसत नाही. एखादा महिना चुकला तर अकाउंटंट सुटीवर असेल किंवा पोर्टल अडलं असेल. सलग दोन-तीन महिने चुकले तर खात्यात पैसा नाही, असंच धरून चला.

मग माणसं मोजा. सात महिन्यांत ६४ चे ४१ झाले, म्हणजे २३ जण कमी. त्याच वेळी एचआर फोनवर “टीम वाढवतोय” म्हणत असेल, तर तुमची जागा गेलेल्या कुणाच्या तरी बदल्यात आहे.

रक्कमही बोलते. २,४०,००० ला ६४ ने भागा, माणशी ३,७५० येतात. १५,००० रुपयांवर दोन्हीकडचे १२-१२ टक्के आणि विमा-प्रशासनाचा वरचा एक टक्का धरून नेमके एवढेच होतात. म्हणजे मूळ पगार कितीही असला तरी कंपनी १५,००० पुरताच पीएफ भरते. हे कायदेशीर आहे. फक्त सीटीसीतला पीएफचा आकडा वाचताना लक्षात ठेवा.

या तपासणीला मर्यादा आहेत. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला पीएफ सहसा लागूच नसतो, त्यामुळे नोंद नसणं हा दोष नाही. आणि बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडून घेतलेल्या कामगारांचा पीएफ बहुधा ठेकेदाराच्या नोंदीवर असतो. तिथे कारखान्याचा आकडा बघून तुमच्या पगाराचा अंदाज येणार नाही.

रिव्ह्यू या तारखांशी जोडून वाचा

अ‍ॅम्बिशनबॉक्स, ग्लासडोअरवर सरासरी तारे बाजूला ठेवा. नागपूर आणि तुमचा विभाग निवडा, नवे आधी लावा. एकाच आठवड्यात आलेले, ‘छान वातावरण, शिकायला मिळतं’ एवढंच म्हणणारे पाच ताऱ्यांचे आठ-दहा रिव्ह्यू बहुतेक सांगून लिहून घेतलेले असतात. ज्यात तारीख आणि नेमकी घटना आहे ते खरे कामाचे : पगार ७ ऐवजी २५ ला झाला, नोकरी सोडल्यावरचा फुल अँड फायनल हिशेब चार महिने अडकला, मूळ मार्कशीट ठेवून घेतली. नोव्हेंबरचा रिव्ह्यू ‘पगार रखडला’ म्हणतो आणि ऑक्टोबरचा पीएफही रखडलेला आहे, तर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी जुळल्या.

मग लिंक्डइनवर तीन ते बारा महिन्यांपूर्वी कंपनी सोडलेला माणूस शोधा. नुकताच सोडलेला रागात असतो, फार जुन्याला आजचं माहीत नसतं. “कंपनी कशी आहे?” असं विचारू नका, “बरी आहे” एवढंच उत्तर येतं. असं लिहा : “दादा/ताई, शनिवारी तुमच्या आधीच्या कंपनीत मुलाखत आहे. पगार कोणत्या तारखेला व्हायचा? शेवटच्या सहा महिन्यांत कितीदा पुढे गेला? रिलीव्हिंग लेटर किती दिवसांत मिळालं?” आयटी पार्कच्या रस्त्यावर सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्यांपाशी गळ्यात आयकार्ड असलेली मंडळी उभी असतात; त्यांनाही हेच तीन प्रश्न चालतात.

वरच्या उदाहरणातल्या कंपनीची मुलाखत द्यायची की नाही? हातात नोकरी नसेल तर द्या. शेवटी विचारा, “मागच्या वर्षी टीम साठच्या वर होती, आता किती आहे? कशामुळे कमी झाली?” एखादा मोठा क्लायंट गेला आणि नवा आला, असं नाव-तारखेसह सांगितलं, आणि पुढच्या दोन महिन्यांचा पीएफ १५ च्या आत जमा दिसला, तर विचार करण्याजोगं आहे. हातात नोकरी असेल तर ते दोन भरणे दिसेपर्यंत राजीनामा देऊ नका. आणि बाँड किंवा मूळ कागद मागितले तर या कंपनीला नाहीच म्हणा. पगार थांबला तर त्या कागदांपायी बाहेर पडणंही अडेल.