खर्च झालेला पैसा आणि झालेले काम: अर्जित मूल्य कसे काढावे

बांधकाम सुरू असताना मालकाला सर्वसाधारणपणे दोन आकडे सांगितले जातात: मंजूर रक्कम किती आणि आजवर खर्च किती. 40 लाखांच्या घरावर 24 लाख खर्च झाले, म्हणजे घर 60 टक्के झाले, असा निष्कर्ष यातून काढला जातो आणि तो जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. पूर्ण झालेल्या कामाची मूळ अंदाजपत्रकातील किंमत, म्हणजेच अर्जित मूल्य, हा तिसरा आकडा हाती आल्याशिवाय पहिल्या दोन आकड्यांना अर्थ येत नाही. एका दुमजली घराच्या पाचव्या महिनाअखेरच्या हिशेबावरून तो कसा काढायचा, ते पाहू.

1. अंदाजपत्रक कामांमध्ये विभागा. पाया ते जोता 7 लाख, आरसीसी सांगाडा 12 लाख (स्लॅबमध्ये टाकायच्या वीजनळ्यांसह), वीटकाम 5 लाख, प्लास्टर 4 लाख, वीज आणि नळकाम 4 लाख, फरशी व दारे-खिडक्या 6 लाख, रंग व किरकोळ कामे 2 लाख. एकूण 40 लाख. हे आकडे काम सुरू झाल्यावर बदलायचे नाहीत. बाजारभाव वाढले तरी मोजपट्टी तीच राहिली पाहिजे.

2. प्रत्येक काम किती झाले, ते ठरवा. सारा हिशेब याच पायरीवर बिघडतो. पूर्ण झालेले काम 100 टक्के आणि हात न लावलेले काम शून्य, यात वाद नसतो. वाद असतो तो अर्धवट कामांचा. “सांगाडा किती झाला?” असे ठेकेदाराला विचारले, की “झालाच म्हणा साहेब, उद्या स्लॅब भरायचा, 95 टक्के धरा” असे उत्तर येते. यात त्याचा खोटेपणा असतोच असे नाही. संपत आलेले काम प्रत्येकाला संपल्यासारखेच वाटते आणि उरलेल्या भागातले कष्ट नजरेआड होतात. म्हणून टक्केवारी कोणालाही विचारू नये, ती मोजावी; आणि मोजायची कशी, हे काम सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

सांगाड्यासारख्या कामाला टप्प्यांचे भार ठरवावेत. येथे दोन्ही मजल्यांच्या कॉलमना प्रत्येकी 2 लाख आणि दोन्ही स्लॅबना प्रत्येकी 4 लाख धरले आहेत. एका स्लॅबचे पुन्हा चार भाग पडतात: सेंटरिंग 25 टक्के, लोखंड बांधणी 35 टक्के, काँक्रीट 30 टक्के आणि पाणी मारून प्लेटा उतरवणे 10 टक्के. टप्पा पूर्ण झाला तरच त्याचा पूर्ण भार मिळेल, अर्ध्या टप्प्याला काहीही मिळणार नाही. लोखंड बांधणीचा भार तर इंजिनिअरने सळ्यांमधील अंतर आणि कव्हर तपासून सही केल्यावरच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. कारण सळ्या पुन्हा बांधाव्या लागल्या तर ते काम झालेलेच नव्हते. आपल्या घराचे दोन्ही मजल्यांचे कॉलम आणि पहिला स्लॅब झाला आहे, म्हणजे 8 लाख. दुसऱ्या स्लॅबचे सेंटरिंग व तपासलेली लोखंड बांधणी झाली आहे, म्हणजे 4 लाखांचे 60 टक्के, 2 लाख 40 हजार. सांगाड्याचे अर्जित मूल्य 10 लाख 40 हजार झाले.

वीटकामाला टप्पे लावू नयेत, टेप लावावा. एकूण 60 घनमीटर वीटकामापैकी 24 घनमीटर भिंती उभ्या आहेत, म्हणजे 40 टक्के, म्हणजे 2 लाख. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर मोजमाप पुस्तिकेत नोंदलेल्या मापावरच बिल निघते. घरमालकानेही साधी वही घालून तीच शिस्त पाळावी. आठवड्याभरात उरकणाऱ्या छोट्या कामांना मात्र एवढा खटाटोप नको: पूर्ण होईपर्यंत शून्य, झाले की शंभर.

जोत्याचे 7 लाख धरून एकूण अर्जित मूल्य 19 लाख 40 हजार होते. घर 60 नव्हे, 48.5 टक्के झाले आहे.

3. खर्च त्याच कामाचा धरा. बँकेतून गेलेले 24 लाख हा प्रत्यक्ष खर्च नव्हे. त्यातले 2 लाख 40 हजार सवलतीत आधीच घेऊन ठेवलेल्या फरशीचे आहेत. फरशी बसलेली नाही, म्हणून तिचे मूल्य धरलेले नाही आणि म्हणून तिचा खर्चही आज धरायचा नाही. उलट दुसऱ्या स्लॅबमध्ये बांधलेल्या लोखंडाचे 1 लाख रुपये दुकानदाराला अजून द्यायचे आहेत, ते मिळवायचे. उधारी विसरणे ही फार नडणारी चूक आहे, कारण तिच्यामुळे हिशेब खोटाच चांगला दिसतो. प्रत्यक्ष खर्च 22 लाख 60 हजार ठरला.

4. भागाकार करा. अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागले, की खर्च निर्देशांक मिळतो: 19.4 ÷ 22.6 = 0.858. खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे सुमारे 86 पैशांचे काम पदरात पडले आहे. हाच वेग राहिला तर 40 लाखांचे घर 40 ÷ 0.858, म्हणजे सुमारे 46 लाख 60 हजारांना पडेल. ठेकेदाराच्या अंदाजाने सांगाडा 95 टक्के आणि वीटकाम 60 टक्के धरले असते, तर अर्जित मूल्य 21 लाख 40 हजार आणि अंतिम खर्च सुमारे 42 लाख 20 हजार दिसला असता. केवळ दोन कामांच्या ढोबळ टक्केवारीने चार लाखांहून अधिक रक्कम झाकली गेली असती.

5. एकूण आकड्यावर थांबू नका. कामवार पाहिले तर जोत्याच्या 7 लाखांच्या कामाला 9 लाख 40 हजार, सांगाड्याच्या 10 लाख 40 हजारांच्या कामाला 11 लाख 20 हजार आणि वीटकामाच्या 2 लाखांच्या कामाला बरोबर 2 लाख लागले आहेत. तोटा मुख्यतः पायात झाला, कारण काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली आणि मुरूम लागेपर्यंत खोदावे लागले. हे कारण वरच्या कामांत पुन्हा येणार नाही. अशा वेळी उरलेले 20 लाख 60 हजारांचे काम मूळ दराने धरून ते झालेल्या खर्चात मिळवणे अधिक योग्य: 43 लाख 20 हजार, आणि सांगाड्यातली किंचित महागाई धरली तर त्याहून थोडे जास्त. तोटा सेंटरिंगच्या मजुरीत किंवा सिमेंटच्या नासाडीत असता, तर मात्र मी 46 लाख 60 हजारांचीच तजवीज करायला सांगितली असती.

6. वेळापत्रकाशी ताडून पाहा. पाचव्या महिनाअखेर जोता, पूर्ण सांगाडा आणि 3 लाखांचे वीटकाम, असे 22 लाखांचे काम नियोजित होते. 19.4 ÷ 22 = 0.88, म्हणजे काम मागे आहे. हा निर्देशांक कामाच्या पूर्वार्धातच वापरावा. घर कितीही उशिरा पूर्ण झाले तरी शेवटी अर्जित आणि नियोजित मूल्य दोन्ही 40 लाखच होतात आणि भागाकार 1 येतो. त्यामुळे प्लास्टरनंतर उशीर पाहायचा असेल तर तारखाच पाहाव्यात.