स्प्रिंगच्या समीकरणापासून साइनच्या आलेखापर्यंत: नोट्समध्ये गाळलेली पायरी

सरल आवर्त गतीच्या नोट्समध्ये एका ओळीवर F = -kx असतं आणि पुढच्याच ओळीवर x = A sin(ωt + φ). मधे काय घडलं हे बहुतेक जण सांगत नाहीत. "उकल साइन येते, पाठ करा" म्हणणाऱ्या शिक्षकांचा मला अजूनही राग येतो, कारण त्या गाळलेल्या पायरीपाशी मी बराच काळ अडकून होतो.

ती पायरी अशी. न्यूटनच्या नियमानं ma = -kx, म्हणजे a = -(k/m)x. आता विस्थापन-काळ आलेख डोळ्यांसमोर आणा. त्याचा उतार म्हणजे वेग, आणि उतार ज्या दरानं बदलतो ते त्वरण. म्हणजे आलेख कुठे किती वाकतो हे त्वरण सांगतं. समीकरणानुसार रेषा अक्षापासून जितकी लांब, तितकी ती जोरात वाकते, आणि ऋण चिन्हामुळे नेहमी अक्षाकडेच वाकते. अक्ष ओलांडताना x शून्य असतो, म्हणून तिथे रेषा वाकतच नाही, सरळ पलीकडे जाते आणि मग उलट बाजूनं वाकू लागते. हे सगळं पाळणारा वक्र साइनचाच. तपासायचं असेल तर A sin ωt चं दोनदा विकलन करा. -ω² गुणिले तेच फलन परत मिळतं, म्हणून ω² = k/m.

खरा सापळा पुढे आहे. समजा वस्तुमान ०.५ किलोग्रॅम, k = ५० न्यूटन प्रति मीटर, आणि स्प्रिंग ४ सेंटीमीटर ताणून सोडली. सुरुवातीचं त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. ते पाहून हात आपोआप v² = u² + 2as कडे जातो आणि मध्याशी वेग सुमारे ०.५७ मीटर प्रति सेकंद निघतो. हे चूक आहे, पूर्ण चूक! ते सूत्र त्वरण स्थिर असेल तेव्हाच चालतं. इथे वस्तू मध्याकडे सरकते तसं त्वरण कमी होत शून्यावर येतं. ω = १० रेडियन प्रति सेकंद, म्हणून कमाल वेग Aω, म्हणजे ०.४ मीटर प्रति सेकंद. शंका आली तर ऊर्जा मोजा: ½kA² आणि ½mv² दोन्ही ०.०४ जूल येतात. सूत्रांचे तयार तक्ते मला आवडत नाहीत ते यासाठीच, त्यांत सूत्र कुठे लागू पडतं हे लिहिलेलं नसतं.

इथे साइनऐवजी कोसाइन आलं तर घाबरू नका. वस्तू टोकापासून सोडली, म्हणून φ = π/2 आणि x = A cos ωt. वक्र तोच, फक्त पाव आवर्तकाल सरकलेला. ०.१ सेकंदानंतर x सुमारे २.२ सेंटीमीटर यायला हवा. जवळजवळ ४ च आला, तर तुमचा कॅल्क्युलेटर अंशांवर आहे, तो रेडियनवर करा.