योगशिक्षिकेची ओळख: दीड मिनिटाची तयारी

ऑफिसच्या योगशिबिरात शिक्षिकेची ओळख तुम्हाला करून द्यायची असेल आणि शिबिर शनिवारी सकाळी साडेसातला असेल, तर शुक्रवारी दुपारीच शिक्षिकेला फोन करा. नुसता बायोडेटा मागवू नका. तो दोन पानी येतो आणि माइक हातात आला की आपण तो वाचत सुटतो. फोनवर तीनच गोष्टी विचारा. लोकांनी ताई म्हणायचं की मॅडम, शिक्षण कुठे झालं आणि उद्या नक्की काय घेणार. लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकल्या असतील तर तेवढं एक वाक्य पुरे. फार तर ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली, एवढं जोडा.

काय घेणार हे विचारायचं, कारण त्यावरून आदल्या संध्याकाळचा ग्रुपवरचा मेसेज ठरतो. कपालभाती असेल तर रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, हर्निया असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी ती करायची नाही, हे त्यात लिहा. सगळ्यांसमोर "कुणाला काही त्रास आहे का?" असं विचारलं तर कुणी हात वर करत नाही; साहेब पुढच्या रांगेत बसलेले असतात. त्यापेक्षा ताई सव्वासातला दाराशी उभ्या असतील, त्यांना एकट्याने गाठून सांगा, असं कळवा. आणि कँटीनला बजावून ठेवा की पोहे नंतर. आमच्याकडे एकदा आधी वाढले. पुढे वाकायची वेळ आली तेव्हा अर्धा हॉल ढेकर देत होता.

हॉलमध्ये अर्धा तास आधी पोचा. एसी १८ वर असेल तर २५-२६ वर आणा, नाहीतर शवासनात लोक कुडकुडतात. माइकची चाचणी "हॅलो हॅलो" ओरडून नको, ज्या आवाजात बोलणार त्याच आवाजात घ्या. शिट्टी वाजली तर स्पीकर माइकच्या पुढे सरकवा, तोंड लोकांकडे.

आता बोलणं. लोक सतरंजीवर बसेपर्यंत सुरू करू नका. माझा मजकूर साधारण असा असतो: "नमस्कार. फोन सायलेंट करून पिशवीत ठेवूया, मीही ठेवतोय." इथे खरंच फोन ठेवायचा आणि तेवढा वेळ गप्प राहायचं. "आज ताई आपल्याबरोबर तासभर आहेत. त्या कैवल्यधामात शिकल्यात. जे जमणार नाही ते सोडून द्या, शेजाऱ्याकडे बघू नका. आरामात बसा, हवं तर डोळे मिटा. ताई, या."

"जोरदार टाळ्या" मागायच्या नाहीत. टाळ्या झाल्या की कुजबूज सुरू होते आणि ताईंची पहिली पाच मिनिटं ती शमवण्यात जातात. सत्काराचा नारळ, शाल आणि साहेबांचे दोन शब्द, सगळं शेवटी. साहेबांना हे शुक्रवारीच सांगा. ऐनवेळी सांगितलं तर ते माइक घेतातच.