आरसीए लिहिताना या चुका टाळा: पाचवा ‘का’ माणसापाशी थांबवू नका

प्रॉडक्शनमध्ये बग निसटला की त्याचा आरसीए, म्हणजे मूळ कारण शोधणारा रिपोर्ट, वाचायला माझ्याकडे येतो. त्यात एकामागून एक विचारलेले पाच ‘का’ असतात, पाच उत्तरं असतात आणि खाली ‘यापुढे काळजी घेऊ’ असं लिहिलेलं असतं. हे वाक्य दिसलं की मी रिपोर्ट परत पाठवते.

चूक पहिली: उत्तरात माणूस आला की थांबणं

हिंजवडीतल्या एका टीमची गोष्ट सांगते. कर्जाचा हप्ता ज्या दिवशी असेल त्या सकाळी ग्राहकाला एसएमएस पाठवणारा एक जॉब होता. तो रोज सकाळी ६ वाजता चालायचा. मेसेज उशिरा पोचतात म्हणून त्याची वेळ ५ केली. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीच हप्ता भरून मोकळे झालेल्यांना ‘आज हप्ता भरा’ असे मेसेज गेले आणि ज्यांचा हप्ता खरंच त्या दिवशी होता त्यांना काहीच गेलं नाही.

पहिल्या आरसीएत साखळी अशी होती: मेसेज चुकले, कारण तारीख चुकली, तारीख चुकली, कारण डेव्हलपरने टाइमझोन पाहिला नाही, पाहिला नाही, कारण घाई होती. उपाय काय, तर चेकलिस्टमध्ये आणखी एक ओळ. यात खोटं काही नव्हतं, पण वेळ बदलणारा पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडकला असता.

आम्ही पुन्हा बसलो. क्वेरीत ही ओळ होती:

```sql
WHERE due_date = CURRENT_DATE
```

पोस्टग्रेसमध्ये `CURRENT_DATE` सेशनच्या टाइमझोनप्रमाणे ठरते आणि तिथे तो यूटीसी होता. पुण्यात पहाटेचे ५ वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ११.३० झालेले असतात. मग इतके दिवस हे चाललं कसं? ६ वाजता यूटीसीत रात्रीचे १२.३० असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. म्हणजे बग जुनाच होता, वेळ बदलल्यावर तो फक्त दिसला. ‘आधी का चालत होतं’ हा प्रश्न मी प्रत्येक आरसीएत विचारते, कारण नवा बदल दोषी ठरवून मोकळं होण्याची सवय त्यानेच मोडते.

पुढचा ‘का’: टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही? टेस्टर दुपारी बटण दाबून जॉब चालवायचे आणि दुपारी दोन्हीकडची तारीख एकच असते. जॉबला बाहेरून वेळ देण्याची सोयच नव्हती, त्यामुळे पहाटेची स्थिती ऑफिसच्या वेळेत उभी करता येत नव्हती. त्यापुढचा: वेळ बदलताना पूर्ण टेस्टिंग का झालं नाही? शेड्यूल कॉन्फिगमध्ये होतं आणि कॉन्फिगच्या बदलाला रिव्ह्यू लागत नव्हता. इथे हात घालण्यासारखं काहीतरी मिळालं.

उपाय दोन झाले. कॉन्फिगच्या बदलाला रिव्ह्यू सक्तीचा केला आणि जॉब वेळ पॅरामीटर म्हणून घेऊ लागला. त्या वेळेवरून तारीख अशी काढली जाते:

```sql
SELECT ($1::timestamptz AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

‘का’ नेमके पाचच हवेत असा हट्ट नको. टोयोटात ताइइची ओनो यांनी ही पद्धत रुजवली ती मूळ कारणापर्यंत पोचण्यासाठी. शिवाय साखळीला फाटे फुटतात. ‘आपल्याला ग्राहकाच्या फोनवरून का कळलं?’ ही इथली दुसरी साखळी होती. हप्ता भरलेल्यांची नावं यादीत आहेत का, हे पाठवण्याआधी कोणीच तपासत नव्हतं.

चूक दुसरी: पुरावा नसलेला ‘का’

प्रत्येक उत्तराशेजारी लॉग, कमिट किंवा क्वेरीचा निकाल हवा. बग मुद्दाम पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर ते उत्तर अजून अंदाजच आहे.

चूक तिसरी: ब्लेमलेस म्हणजे गुळमुळीत लिहिणं

आरसीए ब्लेमलेस हवा, म्हणजे त्यात कोणावर ठपका नको, म्हणून नवे लोक नावं गाळतात आणि त्याबरोबर घटनाही गाळतात. ‘काही बदल झाल्याने अडचण आली’ या वाक्यातून काय शिकायचं? कोणता बदल, किती वाजता, कोणत्या भूमिकेतल्या माणसाने केला, हे स्पष्ट लिहा. त्याच्या स्क्रीनवर तेव्हा काय दिसत होतं, हेही लिहा. आमच्या प्रकरणात शेड्यूलच्या स्क्रीनवर नुसतं ‘०५:००’ दिसायचं, टाइमझोन कुठेच नव्हता. ही गोष्ट वेळ बदलणाऱ्यानेच सांगितली. आपल्यावर ठपका येणार असं वाटलं असतं, तर तो गप्प बसला असता.

म्हणून ‘लक्षात यायला हवं होतं’, ‘साधी गोष्ट होती’ असली वाक्यं मी लाल करते. निकाल कळल्यावर सगळंच साधं दिसतं.

चूक चौथी: उपायाला मालक नसणं

प्रत्येक उपायाला तिकीट, एक नाव आणि तारीख द्या. इथे नाव चालतं, कारण ते कामाचं आहे. तिकीट बंद करण्याआधी जॉबला यूटीसीप्रमाणे रात्री ११.३० ही वेळ देऊन चालवा, यादीत पुण्यातल्या त्या दिवसाचेच ग्राहक आले तरच ते बंद करा.