फोटोतील गॉगलची ओळख आणि अतिनील संरक्षणाचा दावा

फोटोवरून गॉगल ओळखायचा असेल, तर समोरून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा दांडीच्या आतल्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवावा, कारण समोरचा आकार आणि लोगो यांची नक्कल सहज होते. समजा, तिथे `RB3025 001/58 58□14 3P` असे छापलेले आहे. RB3025 हे रे-बॅनच्या एव्हिएटरचे मॉडेल, 001/58 हा फ्रेम व काचेच्या रंगाचा संकेत, 58 ही काचेची आणि 14 ही नाकावरच्या पुलाची मिलिमीटरमधील रुंदी होय. शेवटच्या 3P मधील P म्हणजे पोलराइज्ड. तिथे 3N असूनही विक्रेता पोलराइज्ड म्हणत असेल, तर तो दावा आणि छपाई जुळत नाही. अर्थात छपाईचीही नक्कल होऊ शकते, त्यामुळे ती जुळली म्हणजे गॉगल अस्सल ठरला, असे मात्र नाही.

यातील 3 हा आकडा काचेतून सुमारे 8 ते 18 टक्के दृश्य प्रकाश येतो एवढेच सांगतो. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून काचेचा गडदपणा, पोलरायझेशन किंवा ‘UV400’चे स्टिकर यांपैकी कशावरूनही फोटोतून संरक्षण सिद्ध होत नाही. उलट, संरक्षण नसलेल्या गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि अधिक किरण आत जाऊ शकतात. चष्म्याच्या दुकानातील मापकावर 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात का, हे प्रत्यक्ष काच ठेवून तपासून घ्यावे.