मॉडेल म्हणतं फोटो दिसत नाही? मग या चुका टाळा

सातबाऱ्याचा फोटो एआय मॉडेलच्या चॅटमध्ये टाकला आणि विचारलं, यावर कुठल्या बँकेचा बोजा आहे? उत्तर आलं की इथे मला चित्रं दिसत नाहीत, मजकूर टाइप करून दिलात तर सांगता येईल. यावर बहुतेक जण लिहितात, "वर दिलाय की, नीट बघ."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मॉडेलपर्यंत फोटो पोहोचलेलाच नसेल, तर दहा वेळा दटावूनही तो पोहोचणार नाही. उलट आग्रहाला मान देऊन ते अंदाज बांधायला लागतं. फाइलचं नाव "satbara_baramati.jpg" असेल तर तेवढ्या धाग्यावरून गट नंबर, खातेदार, बोजा असं सगळं रचून देतं, आणि सातबारा कसा दिसतो हे त्याला ठाऊक असल्यामुळे ते खरंही वाटतं. माझ्या मते "दिसत नाही" हे उत्तर मिळणं नशीबच म्हणायचं. संशय आला तर फोटोतच सापडेल असं काहीतरी विचारा. उदाहरणार्थ, सर्वात खालचा फेरफार क्रमांक कोणता? तो कागदाशी जुळला नाही, तर आधीची उत्तरंही बाद समजा.

आता नकाराचे शब्द नीट वाचा, कारण सगळे नकार सारखे नसतात. फाइल उघडत नाही असं म्हटलं असेल तर दोष बहुधा फाइलचा. आयफोनचे फोटो अनेकदा HEIC प्रकारात असतात आणि ते सगळीकडे चालत नाहीत. JPG किंवा PNG करून पाठवा. फोटोतल्या माणसाला ओळखणार नाही असं म्हटलं असेल, तर फोटो दिसतोय, फक्त त्या कामाला नकार आहे. पण या ठिकाणी चित्रं दिसत नाहीत असं म्हटलं असेल, तर निवडलेलं मॉडेल फक्त मजकुरावर चालणारं आहे, किंवा ॲपने फोटो पुढे दिलेलाच नाही. एकच मॉडेल एका ॲपमध्ये फोटो वाचतं आणि दुसरीकडे वाचत नाही, ते यामुळेच.

फोटोऐवजी ड्राइव्हची लिंक चिकटवणं हीसुद्धा नेहमीची गफलत. अशा वेळी मॉडेलला अनेकदा फक्त लिंकची अक्षरं दिसतात. फाइल जोडण्याच्या बटणानेच फोटो द्या, आणि पाठवण्याआधी त्याची छोटी प्रतिमा दिसतेय का ते बघा. मॉडेल बदलायची सोय असेल तर चित्र वाचणारं मॉडेल निवडून नवीन चॅट उघडा. जुन्या चॅटमध्ये "दिसत नाही" हे वाक्य तसंच पडून असतं आणि मॉडेल पुढेही तेच धरून बसू शकतं. स्वतःच्या संगणकावर ओलामा वापरत असाल तर आधी हे बघा:

```
ollama show मॉडेलचे-नाव
```

येणाऱ्या माहितीत Capabilities खाली `vision` नसेल, तर त्या मॉडेलकडून फोटोची अपेक्षा ठेवू नका.

दुसरं मॉडेल हाताशी नसेल तर फोटोचा मजकूर करून द्या. मोबाइलवर गूगल लेन्सने अक्षरं निवडून कॉपी करता येतात. संगणकावर टेसरॅक्ट हा फोटोतली अक्षरं वाचणारा प्रोग्रॅम आणि त्याची मराठी भाषा-फाइल असेल तर:

```
tesseract satbara.jpg out -l mar
```

मजकूर `out.txt` मध्ये येतो. तो तसाच चिकटवायची घाई मात्र करू नका. देवनागरीत १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, आणि टिंब तर सहज गळतं किंवा सरकतं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. ०.८४.०० म्हणजे ८४ आर, साधारण दोन एकर तीन गुंठे. हेच ८.४०.०० असं वाचलं गेलं, तर जमीन पावणेएकवीस एकरांच्या घरात जाते आणि मॉडेल त्यावर बिनधास्त हिशेब करून मोकळं होतं. तक्त्याचे रकानेही एकमेकांत मिसळतात, म्हणून "इतर अधिकार" या रकान्यातलं वेगळ्या ओळीवर, त्याच नावाखाली लिहा. बोजा तिथेच असतो. प्रश्न बोजाचाच असेल तर सगळा उतारा देण्याची गरजही नाही. त्या रकान्यातल्या चार ओळी हाताने टाइप करणं जास्त खात्रीचं.

हा मार्ग अक्षरांपुरता आहे. डाळिंबाच्या पानावरचा डाग तेल्याचा आहे का, हे विचारायचं असेल तर मजकूर काढून हाती काही लागत नाही. मॉडेलला डागाचा रंग, आकार, कडेला पाणथळ वलय आहे का, फळावर डागाभोवती तडे आहेत का, एवढं लिहून देता येईल. पण ते वर्णन तुमच्या डोळ्यांनी केलेलं असतं, आणि उत्तरही तेवढ्यावरच उभं राहतं. त्यामुळे फवारणी ठरवायची असेल तर पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.